टेबलावरचा ठोकळा आणि लटकतं वजन: त्वरण कसं काढायचं?

आडव्या, घर्षण नसलेल्या टेबलावर १.५ किलोचा ठोकळा ठेवला आहे. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली येते आणि तिच्या टोकाला ०.५ किलोचं वजन लटकतं आहे. ठोकळा हाताने धरून ठेवलेला आहे. हात काढला, तर तो किती त्वरणाने सरकेल?

अकरावीपासून सीईटी-जेईईपर्यंत हे गणित पुन्हा पुन्हा भेटतं आणि त्याचं एक चुकीचं उत्तर फार चटकन सुचतं. लटकत्या वजनावर गुरुत्वाकर्षणाचं बल ०.५ × ९.८ = ४.९ न्यूटन. हेच बल दोरीतून ठोकळ्यापर्यंत पोचतं असं धरायचं, १.५ ने भागायचं, आणि उत्तर ३.२७ मी/से² लिहून मोकळं व्हायचं. खरं उत्तर २.४५ आहे. ही तफावत कुठून येते ते कळलं की या प्रकारची सगळी गणितं सुटतात, म्हणून आकडेमोडीपेक्षा तिथेच जास्त वेळ घालवू.

आधी काय गृहीत धरलंय ते पाहा

टेबलाला घर्षण नाही, दोरीला स्वतःचं वस्तुमान नाही आणि ती ताणली जात नाही, कप्पी हलकी आहे आणि अडखळत नाही. शिवाय ठोकळ्यापासून कप्पीपर्यंतची दोरी टेबलाला समांतर आहे. प्रश्नात यातलं बरंचसं ‘गुळगुळीत’ आणि ‘हलकी’ अशा एकेका शब्दात उरकलेलं असतं, पण प्रत्येक गोष्टीचं काम वेगळं आहे. दोरी ताणली जात नाही, म्हणून ठोकळा १० सेंटिमीटर पुढे गेला की वजनही तेवढ्याच वेळात १० सेंटिमीटर खाली जातं. त्यामुळे दोघांच्या त्वरणाचं मूल्य एकच, a. दोरी आणि कप्पी दोन्ही हलक्या, म्हणून दोरीतला ताण दोन्ही बाजूंना सारखाच, T. या दोन गोष्टी हातात नसतील तर पुढची समीकरणं मांडताच येणार नाहीत.

दोन वस्तूंची दोन वेगळी चित्रं काढा

एकाच चित्रात सगळे बाण काढले की गोंधळ होतो. ठोकळा एकटा काढा. त्याच्यावर खाली त्याचं वजन, वर टेबलाची प्रतिक्रिया आणि कप्पीच्या दिशेने दोरीचा ताण T. उभ्या दिशेतली दोन बलं एकमेकांना खोडतात, कारण ठोकळा टेबलावरून उडतही नाही आणि त्यात घुसतही नाही. आडव्या दिशेत उरतो एकटा T.

आता लटकतं वजन एकटं काढा. त्याचं वस्तुमान m धरलं, तर त्याच्यावर खाली गुरुत्वाकर्षणाचं बल mg आणि वर T, बस्स.

ठोकळ्याच्या चित्रात mg कुठेच नाही, हे नीट पाहून घ्या. ठोकळ्याला लटकत्या वजनाशी काही देणंघेणं नाही. त्याला स्पर्श करते ती दोरी, आणि दोरी जेवढी ओढेल तेवढंच त्याला कळतं. ४.९ न्यूटन हे बल पृथ्वी लटकत्या वजनावर लावते, ठोकळ्यावर नाही.

प्रत्येकासाठी न्यूटनचा दुसरा नियम लिहा

दिशा ठरवताना एक सोय करून घ्या: ठोकळ्यासाठी कप्पीकडची दिशा धन आणि वजनासाठी खालची दिशा धन. मग दोघांचं त्वरण एकाच चिन्हाचं राहतं. ठोकळ्याचं वस्तुमान M, लटकतं वस्तुमान m.

ठोकळा: T = Ma

वजन: mg − T = ma

दोन समीकरणं, दोन अज्ञातं. बेरीज केली की T उडून जातो:

mg = (M + m)a

a = mg / (M + m)

आपल्या आकड्यांनी a = ४.९ ÷ २ = २.४५ मी/से². g १० धरायला सांगितलं असेल तर उत्तर २.५ येईल. पर्याय वाचण्याआधी प्रश्नात g किती दिलाय ते बघून घ्या.

पहिल्या उत्तरात भागाकार १.५ ने केला होता, इथे २ ने आहे. लटकत्या वजनाला स्वतःलाही वेग घ्यायचा आहे, आणि त्यासाठी ४.९ न्यूटनमधला काही भाग त्याच्यावरच खर्च होतो. उरलेला तेवढा दोरीतून ठोकळ्याकडे जातो.

बरेच जण ‘ओढणारं बल भागिले एकूण वस्तुमान’ असं एका ओळीत सोडवतात. उत्तर बरोबर येतं आणि वेळही वाचतो. पण ताण विचारला की हा मार्ग अडतो आणि परत सुटी चित्रं काढावीच लागतात. माझ्या मते आधी दोन समीकरणांनी सोडवायची सवय लावावी आणि एका ओळीची पद्धत ताळा करायला ठेवावी.

ताण काढा आणि तो mg शी पडताळा

T = Ma = १.५ × २.४५ = ३.६७५ न्यूटन. आता हाच ताण वजनाच्या बाजूने तपासा: ४.९ − ३.६७५ = १.२२५, आणि ma = ०.५ × २.४५ = १.२२५. जुळलं.

ताण mg पेक्षा कमीच यायला हवा. तो mg एवढा असता तर वजनावरची वर-खालची बलं समान झाली असती आणि त्याला त्वरण मिळालंच नसतं. ते खाली येताना वेग घेतंय, याचाच अर्थ दोरी त्याला पुरेशी धरून ठेवत नाही. तुमच्या उत्तरात T हा mg एवढा किंवा त्याहून मोठा आला, तर कुठेतरी चिन्ह चुकलंय.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दोरीच्या मध्ये एक हलका ताणकाटा अडकवल्याची कल्पना करा. ठोकळा हाताने धरलेला असताना सगळं स्थिर आहे, काटा ५०० ग्रॅम दाखवतो. हात काढताच तो ३७५ ग्रॅमवर घसरतो आणि वजन खाली जाईपर्यंत तिथेच राहतो. ४.९ न्यूटनचा ताण खरोखर होता, पण फक्त हात काढण्यापूर्वी.

उलट, लटकतं वजन काढून टाकलं आणि दोरी हाताने सतत ४.९ न्यूटन बलाने ओढली, तर ठोकळ्याचं त्वरण ३.२७ येईल. म्हणजे ते पहिलं उत्तर एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

सूत्र टोकाला नेऊन बघा

m अगदी लहान केलं तर a शून्याकडे जातं, ठोकळा जेमतेम सरकतो. M अगदी लहान केलं तर a हे g च्या जवळ जातं, वजन जवळपास मुक्तपणे पडतं. m कितीही वाढवलं तरी a कधी g च्या पुढे जात नाही, कारण दोरी वजनाला खाली ढकलू शकत नाही. उत्तर ९.८ पेक्षा जास्त आलं तर आकडेमोड न तपासताही ते चूक आहे असं सांगता येतं.

प्रयोगात उत्तर का जुळत नाही

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यासाठी एअर ट्रॅक असतो. पोकळ पट्टीच्या बारीक छिद्रांतून हवा बाहेर येते आणि ठोकळा त्या हवेच्या थरावर तरंगत सरकतो. तिथे घर्षण जवळजवळ नाहीसं होतं. घरी टेबलावर छोटी गाडी घेऊन केलं तर आकडा कमी येतोच.

पहिली अडचण वेळ मोजण्याची. वजन ८० सेंटिमीटर खाली यायला आपल्या हिशेबाने सुमारे ०.८१ सेकंद लागतात. s = ½at² वरून a काढताना वेळेचा वर्ग येतो, त्यामुळे स्टॉपवॉच दाबायला फक्त ०.१ सेकंद उशीर झाला तरी त्वरण २.४५ ऐवजी १.९३ निघतं. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शेजारी पट्टी ठेवून चित्रण करा आणि फ्रेम मोजा, हा त्यावरचा सोपा उपाय.

दुसरी अडचण आलेख काढताना येते. गाडी तशीच ठेवून नुसतं लटकतं वजन वाढवत गेलात तर ०.५ किलोला २.४५, १ किलोला ३.९२, १.५ किलोला ४.९ असे आकडे येतात. वजन तिप्पट झालं, त्वरण दुप्पटच. रेषा वाकते आणि मुलांना वाटतं प्रयोग फसला. प्रयोग बरोबरच असतो, फक्त वजनाबरोबर M + m सुद्धा वाढत असतं. बल आणि त्वरण यांचं सरळ प्रमाण दाखवायचं असेल तर सगळी वजनं आधी गाडीवर ठेवा आणि तिथून एकेक काढून दोरीच्या टोकाला लावा. एकूण २ किलो कायम राहिले, तर १०० ग्रॅमला ०.४९, २०० ला ०.९८, ३०० ला १.४७ अशी मूळबिंदूतून जाणारी सरळ रेषा मिळते.

राहिली घर्षणाची शंका. ट्रॅक लांब ठेवा, म्हणजे वजन जमिनीला टेकल्यावरही गाडीला धावायला जागा उरेल. वजन टेकताच दोरी सैल पडते आणि त्या क्षणापासून गाडीला कोणी ओढत नाही. घर्षण नसेल तर ती पुढे एकाच वेगाने जायला हवी, आपल्या आकड्यांत ८० सेंटिमीटरच्या पडण्यानंतर १.९८ मी/से ने. तिथे तिचा वेग दर सेकंदाला ०.२ मी/से ने कमी होताना दिसला, तर घर्षणाचं बल १.५ × ०.२ = ०.३ न्यूटन. मग ओढलं जातानाचं त्वरण (४.९ − ०.३) ÷ २ = २.३ मी/से² अपेक्षित धरा.

वजन टेकल्यावर गाडी वेग न सोडता जाते, पण ओढलं जातानाचं त्वरण तरीही कमी आहे, असं झालं तर कप्पीकडे वळा. ती भरीव चकतीसारखी असेल तर फिरताना तिच्या वस्तुमानाचा निम्मा भाग छेदात मिळवावा लागतो. १०० ग्रॅमच्या कप्पीला a = ४.९ ÷ २.०५, म्हणजे सुमारे २.३९. अशा कप्पीच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो, वजनाच्या बाजूचा थोडा जास्त असतो. तेव्हा दोन समीकरणांत एकच T लिहून चालत नाही आणि कप्पीच्या फिरण्याचं तिसरं समीकरण मांडावं लागतं.