बी.कॉम.ला आलात? दुपारचे चार तास टॅक्सच्या ऑफिसात द्या

मी २०१८ साली परभणीहून पुण्यात आलो. पहिलं वर्ष शनिवार-रविवार कपड्यांच्या दुकानात काढलं. खोलीचं भाडं निघायचं, पण वर्षभर काम करून नवीन काही शिकलो नाही. म्हणून गावाकडून कॉमर्सला येणाऱ्यांना मी सांगतो, सकाळचं कॉलेज असेल तर दुपारी सदाशिव पेठ, नारायण पेठेकडच्या एखाद्या सीए किंवा टॅक्स कन्सल्टंटकडे काम धरा. सुरुवातीला पैसे कमी मिळतील.

पहिले दोन महिने बिलं लावणं आणि टॅलीत एन्ट्री मारणं, एवढंच असतं. खरं शिकणं सुरू होतं ते २बी, म्हणजे विक्रेत्यांच्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी खरेदी बिलांची यादी, जुळवायला लागल्यावर. दर महिन्याला रिटर्न भरणारे व्यापारी आपली विक्री ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये दाखवतात. त्यावरून १४ तारखेला खरेदीदाराची २बी तयार होते, आणि २० तारखेपर्यंत ३बी हे कर भरायचं रिटर्न भरायचं असतं. मधल्या पाच-सहा दिवसांत आपल्या पार्टीचं, म्हणजे ऑफिसच्या ग्राहकाचं, प्रत्येक खरेदी बिल २बीत दिसतंय का, ते पाहायचं.

माझ्यासमोर एकदा भवानी पेठेतल्या प्लायवूडचं ५०,००० रुपयांचं बिल आलं. त्यावर १८ टक्क्यांनी ९,००० रुपये जीएसटी. माल आला होता, पैसे गेले होते, पण २बीत बिल नाही. विक्रेत्याने रिटर्न भरलंच नसेल असं मला वाटलं. पण त्याची त्याच महिन्यातली दुसरी दोन बिलं दिसत होती, म्हणजे रिटर्न भरलेलं होतं. फोन केला तेव्हा कळलं, त्यांच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये त्याच नावाची दुसरी पार्टी निवडली गेली होती. पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये त्यांनी दुरुस्ती केली, तेव्हा ते ९,००० रुपये क्रेडिटला मिळाले, म्हणजे पार्टीला भरायच्या जीएसटीतून वजा झाले. त्या महिन्यापुरते मात्र पार्टीला ते खिशातून भरावे लागले. पुढे मुलाखतीत मला २बीबद्दल विचारलं, तेव्हा मी हेच बिल सांगितलं.

काम धरताना सरळ विचारा, "सर, २बीचं काम मला कधी देणार?" तीन-चार महिन्यांनंतरही तुम्ही झेरॉक्स आणि बँकेच्या फेऱ्याच करत असाल, तर ऑफिस बदला. परीक्षेची सुट्टी आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, कारण २० तारीख आणि पेपर हमखास एकत्र येतात. पार्टीचे पासवर्ड स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवू नका. काही घोळ झाला तर पहिली विचारणा तुमच्याकडे होईल.

फक्त शनिवार-रविवार मोकळे असतील तर हे काम अर्धंच शिकाल, कारण विक्रेत्यांचे फोन इतर दिवशीच लागतात. आणि सीए करायचं असेल तर हे काम आर्टिकलशिपमध्ये धरलं जात नाही. त्यासाठी नोंदणी वेगळी करावी लागते.