२ चा √२ वा घात: अर्थ कसा लावायचा आणि किंमत कशी काढायची

२ चा तिसरा घात म्हणजे २ × २ × २. पण २ चा √२ वा घात म्हणजे २ ला स्वतःशी √२ वेळा गुणायचं, असं म्हणून भागत नाही. इथे आधी अर्थ ठरवावा लागतो, आकडेमोड नंतर. पुढे २^१.४ असं लिहिलं की २ चा १.४ वा घात समजावा.

घातांक अपूर्णांक असेल तर अडचण नाही. १.४ म्हणजे ७/५, म्हणून २^१.४ म्हणजे १२८ चं पाचवं मूळ, साधारण २.६३९. १.४१ म्हणजे १४१/१००, तिथे शंभरावं मूळ. काम किचकट, पण अर्थ स्पष्ट. √२ मात्र कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी अपूर्णांकांत धरायचं. १.४१४ हा √२ पेक्षा लहान आणि १.४१५ मोठा. घातांक वाढला की २ चा घातही वाढतो, म्हणून आपली संख्या २^१.४१४ = २.६६४७५ आणि २^१.४१५ = २.६६६६० यांच्या मधे असायला हवी. आणखी एक दशांश स्थळ घेतलं, म्हणजे १.४१४२ आणि १.४१४३, की ती २.६६५१२ आणि २.६६५३० यांच्यामधे अडकते.

ही फट खरोखर शून्याकडे जाते का, की कुठेतरी अडते? सगळी व्याख्या या एका प्रश्नावर उभी आहे, आणि पाठ्यपुस्तकं तो बहुधा घाईत उरकतात. १.४१४२ आणि १.४१४३ या घातांकांत १/१०००० चा फरक आहे. त्यामुळे मोठा घात लहान घाताच्या २^(१/१००००) पट आहे. आता (१ + १/१००००) चा दहाहजारावा घात विस्तारून पाहा: पहिली दोनच पदं १ + १ = २ देतात आणि उरलेली सगळी धन आहेत. म्हणजे तो घात २ पेक्षा मोठा, आणि म्हणून २^(१/१००००) हे १ + १/१०००० पेक्षा लहान. २^१.५ हे सुद्धा २.८३ च आहे, तेव्हा आपले घात ३ च्या आतले. फट ३/१०००० पेक्षा कमी. पुढच्या दशांश स्थळाला ती ३/१००००० पेक्षा कमी होईल, आणि हे कितीही पुढे नेता येतं. संख्यारेषेला कुठे भोक नसल्यामुळे या सगळ्या फटींत सामावणारी एक, आणि एकच, संख्या असते. तिलाच २^√२ म्हणायचं.

किंमत काढायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो, फक्त √ चं बटण हवं. २ वर ते पुन्हा पुन्हा दाबत गेलं की २^(१/२), २^(१/४), २^(१/८) असे घात मिळत जातात. आता √२ = १.४१४२१३५६ ला याच तुकड्यांत फोडा. १ घेतला की ०.४१४२ उरतात. त्यात १/२ बसत नाही, १/४ बसतो. मग १/८ बसतो, १/१६ नाही, १/३२ बसतो, १/६४ नाही, १/१२८ बसतो. बेरीज झाली १.४१४०६२५. घातांकांची बेरीज म्हणजे घातांचा गुणाकार, म्हणून:

२ × १.१८९२०७१२ × १.०९०५०७७३ × १.०२१८९७१५ × १.००५४२९९० = २.६६४८६५

घातांकात अजून ०.०००१५१०६ उरला आहे. एवढ्या छोट्या घातांकासाठी मुळं काढत बसायची गरज नाही: त्याला ०.६९३१५ ने, म्हणजे २ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमने, गुणून १ मिळवा. येतं १.०००१०४७१. आधीच्या उत्तराला याने गुणलं की २.६६५१४४. हे वर काढलेल्या २.६६५१२ आणि २.६६५३० च्या मधे बसतं. बसलं नसतं, तर बहुतेक एखादं मूळ घेताना √ एकदा कमी किंवा जास्त दाबलं गेलं, असं समजावं.

पाया ऋण असेल तर मात्र ही रीत चालत नाही. (−२) चा १.४ वा घात ७/५ धरून −२.६३९ येतो, पण १.४१ ला ऋण संख्येचं शंभरावं मूळ लागतं, जे वास्तव संख्यांत नाहीच. दोन्ही बाजूंनी धरायला काही उरत नाही. म्हणून पाया धनच हवा.

१९०० साली गणितज्ञ हिल्बर्ट यांनी मांडलेल्या तेवीस प्रश्नांपैकी सातव्यात या संख्येचा नाव घेऊन उल्लेख होता: पूर्णांक सहगुणकांच्या एखाद्या बहुपदी समीकरणाचं ती उत्तर असू शकते का? १९३० मध्ये गणितज्ञ कुझमिन यांनी नाही हे सिद्ध केलं. याचाच अर्थ, पूर्णांकांपासून सुरुवात करून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि √ ची बटणं कितीही वेळा दाबली, तरी नेमकी ही संख्या कधीच येणार नाही. येतील त्या तिच्या जवळच्या किमती.