व्हीएफडीचा गोंगाट आणि फेराइटची रिंग

अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मोटरचा वेग बदलणारी व्हीएफडी चालू केली की मीटरचं आरएस-४८५च्या दोन तारांवरून येणारं रीडिंग अधूनमधून गायब होतं, बंद केली की सगळं सुरळीत. अशा वेळी सॉफ्टवेअर उसवत बसण्याआधी केबलवर फेराइटची रिंग लावून बघा.

आपला सिग्नल एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो. दोन्ही तारा एकाच रिंगमधून गेल्या की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात, म्हणून सिग्नलला रिंग जवळजवळ जाणवतच नाही. व्हीएफडीचा विद्युत गोंगाट मात्र दोन्ही तारांवर एकाच दिशेने येतो आणि अर्थिंगमधून परततो. त्याची क्षेत्रं एकमेकांत मिळतात आणि रिंग त्याची वाट अडवते.

म्हणून अख्खी केबल, शील्डसकट, रिंगमधून न्या. एकच तार ओवली तर सिग्नलच अडतो. केबल भोकातून जितक्या वेळा जाईल तितके वेढे, आणि अडथळा साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: तीन वेढ्यांना सुमारे नऊपट. त्यामुळे एका वेढ्याची क्लिप लावून 'फरक पडत नाही' म्हणू नका. मोठ्या भोकाची रिंग घ्या, ती मीटरच्या टोकाशी ठेवा आणि केबलची आत येणारी व बाहेर जाणारी बाजू एकमेकींना चिकटू देऊ नका, नाहीतर गोंगाट रिंगला वळसा घालून जातो.

फरक मोजायचा तर व्हीएफडी चालू ठेवून दहा मिनिटांतले चुकलेले रीडिंग आधी आणि नंतर मोजा. ५० हर्ट्झची गुणगुण मात्र या रिंगने जात नाही.