आभाळ निवळलं, वारा पडला: आज रात्री रान का गारठणार आणि केळी कशी जपायची

डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवस ढगाळ गेले की रात्री गोधडी नकोशी होते. मग आभाळ निवळतं, उत्तरेकडून कोरडा वारा येतो आणि एखाद्या संध्याकाळी तोही पडतो. परभणी, हिंगोली, नांदेडकडे हंगामातला खरा कडाका अशाच रात्री असतो. ढग नसले की थंडी वाढते हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. ती का वाढते हे नीट कळलं, तर पाणी कधी द्यायचं, काय झाकायचं आणि कुठे मेहनत वाया जाते हेही कळतं. म्हणून आधी कारण सांगतो.

चुलीतल्या आराची धग हात न लावता चेहऱ्याला लागते. ती किरणांतून येते. आरच नव्हे, जमीन, पान, दगड, पत्रा यांतूनही अशी न दिसणारी धग सतत बाहेर पडत असते. दिवसा ऊन त्याहून जास्त उष्णता देतं म्हणून रान तापतं. सूर्य मावळला की आवक बंद होते, जावक मात्र सकाळपर्यंत चालू राहते. आभाळात खाली उतरलेले दाट ढग असले, तर तेही खालच्या बाजूला जवळपास तेवढीच धग परत पाठवतात. तेव्हा एका चौरस मीटरमागे शेताचा निव्वळ तोटा 10 ते 20 वॅट एवढाच होतो. निरभ्र आणि कोरड्या आभाळातून परत येणारी धग बरीच कमी असते. मग हाच तोटा 80 वॅटच्या आसपास जातो. उंचावरच्या पातळ पांढऱ्या ढगांवर विसंबू नका. ते स्वतःच फार थंड असतात, त्यामुळे त्यांच्याकडून परत मिळणारी धग थोडीच.

पटत नसेल तर पहाटे अंगणात बघा. उघड्यावर लावलेल्या मोटारसायकलची सीट दवाने ओली असते आणि पत्र्याखालची कोरडी. हवा दोन्हीकडे एकच असते. उघड्यावरची सीट रात्रभर आभाळाला उष्णता देत राहिली, म्हणून ती हवेपेक्षाही गार झाली आणि तिच्यावर दव धरलं. लिंबाच्या झाडाखालचं गवत कोरडं राहतं ते याच कारणाने.

पिकाचं पानही त्या सीटसारखंच हवेपेक्षा गार होतं. ही गोष्ट अंदाज ऐकताना विसरली जाते. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, लाकडी पेटीत, आडोशाला असतो. निरभ्र आणि शांत रात्री उघड्यावरचं पान त्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंशांनी खाली जाऊ शकतं आणि जमिनीलगतचं रोप त्याहूनही. म्हणजे रेडिओवर 8 अंश सांगितलं तर रोपवाटिकेतलं पान 5 अंशांवर असेल असंच धरून चाला.

शांत रात्री आणखी एक गोष्ट घडते. जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि तिथेच बसून राहते. आठ-दहा मीटर वर मात्र हवा त्यापेक्षा उबदार असते. वारा असला की दोन्ही थर मिसळतात आणि खालच्या पिकाला वरची ऊब मिळते, वारा पडला की ते थांबतं. ही जड हवा उताराने पाण्यासारखी हळूहळू वाहत ओढ्याकाठच्या खोलगट रानात साचते. त्याच शिवारात माळावरच्या केळीला काही होत नाही आणि ओढ्याकडच्या केळीची पानं पिवळी पडतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

तेव्हा शेतातच एक साधा थर्मामीटर ठेवा. सगळ्यात खोलगट कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर काठीला बांधा. संध्याकाळी सात आणि रात्री दहाला वाचा. चांदण्या स्पष्ट, पान हलत नाही आणि दहापर्यंत गवतावर दवाचा पत्ता नाही, ही सगळ्यात वाईट खूण आहे. दव पडू लागलं की वाफेचं पाणी होताना दर लिटरमागे 600 किलोकॅलरीच्या जवळपास उष्णता सुटते आणि तापमान उतरण्याचा वेग मंदावतो. कोरड्या हवेत ही मदत मिळायला खूप उशीर होतो, कधी मिळतच नाही.

आता उपायांकडे येऊ. उदाहरणाला अर्धापूरकडची एक एकर केळी घेऊ, पाच बाय पाच फुटांवर लावलेली, म्हणजे साधारण 1740 झाडं. निरभ्र रात्री या एकरातून दहा तासांत 3200 युनिटच्या आसपास उष्णता निघून जाते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचंच. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आपल्याकडे थंडीतही 25 अंशांच्या जवळ असतं, म्हणूनच पहाटे त्यातून वाफा निघताना दिसतात. ठिबकने झाडाला 12 लिटर दिलं तर एकरात सुमारे 21 हजार लिटर होतं. ते 25 वरून 10 अंशांवर येताना 360 युनिटच्या आसपास उष्णता सोडतं, म्हणजे रात्रीच्या तोट्याचा नववा-दहावा हिस्सा. पाटाने सरीतून हलकं पाणी दिलं आणि ते याच्या दुप्पट झालं, तर पाचवा हिस्सा. पाणी थंडी घालवत नाही, एक-दोन अंशांचा आधार देतं. पण केळीला कधी कधी तेवढाच आधार पुरतो.

पाण्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. भारी काळी जमीन कोरडी पडून भेगाळली की त्या पोकळ्यांत हवा असते. दिवसाचं ऊन वरच्या दोन बोटांतच अडकतं आणि रात्री लवकर संपतं. ओली जमीन ऊन खोलवर साठवते आणि रात्रभर वर सोडते. म्हणून कडाक्याचा अंदाज आला की आदल्या दिवशी सकाळीच रान ओलं करा, म्हणजे त्या ओलीवर दिवसभराचं ऊन पडेल. फीडरला रात्रीची लाईट असेल तर दुसरं हलकं पाणी पहाटे तीननंतर द्या, कारण तापमान सूर्योदयाच्या आसपास सगळ्यात खाली असतं. बॅटरी आणि बूट घेतल्याशिवाय बांधावर उतरू नका. रान वापशावर नसेल, पाणी साचून मुळं आधीच गुदमरलेली असतील, तर पहाटेचं पाणी टाळा.

तुषार संच मात्र रात्री पानांवर चालवू नका. पाण्याचा एक लिटर गार होताना 15 किलोकॅलरी देतो, पण पानावरून एक लिटर उडून जाताना 600 किलोकॅलरी घेऊन जातो. कोरड्या हवेत पान उलट जास्त गारठतं. थंड मुलखात बर्फ धरण्याच्या वेळी तुषार चालवतात. तिथे पाणी गोठताना सुटणारी उष्णता कामी येते, आणि तरीही संच मध्येच बंद पडला तर नुकसान वाढतं. आपल्याकडे पारा शून्याला टेकणं विरळा, त्यामुळे तो हिशेब इथे लागू होत नाही.

अशीच गफलत आच्छादनात होते. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट खाली अंथरलं की मुळांजवळची ऊब टिकते. पण तोच थर जमिनीची उष्णता वर पानांपर्यंत जाऊ देत नाही. केळीच्या बुंध्याभोवती पाचट असू द्या, मुळं उथळ असतात. टोमॅटो-मिरचीच्या लहान रोपांच्या ओळीत मात्र जाड आच्छादन किंवा दाट तण असेल, तर कडाक्याच्या रात्रीपुरतं ते बाजूला सरकवलेलं बरं.

झाकण वरून हवं, रोप आणि आभाळाच्या मध्ये. जुनी लुगडी, पोती, कडब्याच्या पेंढ्या, तुराट्यांचं ताटवं, पांढरं क्रॉप कव्हर, काहीही चालतं. अट एकच, त्यातून धग आरपार जाऊ नये. साधा पातळ पारदर्शक प्लॅस्टिक कागद इथे फसवतो. वारा अडतो, पण जमिनीची धग त्यातून बरीचशी निघून जाते. पहिल्या वर्षी मी मिरचीच्या गादीवाफ्यावर असाच कागद थेट रोपांवर टाकला होता. जिथे जिथे पान कागदाला टेकलं होतं, तिथली पानं सकाळी काळवंडली. शेजारच्या वाफ्यावर बांबूच्या कमानी करून पोती टाकली होती, तो तसाच्या तसा राहिला. कागदच असेल तर कमानीवर ताणा आणि त्यावर पोतं घाला. झाकण ऊन असतानाच, पाचच्या सुमारास घाला आणि कडा मातीने दाबा, म्हणजे वाफ्याची ऊब आत अडकेल. सकाळी ऊन अंगाला लागलं की काढा. झाकण राहिलं तर वाफ्याला ऊन मिळत नाही आणि पुढच्या रात्रीची शिदोरी साठत नाही. केळीच्या घडांना स्कर्टिंग बॅग घाला. 13 अंशांखाली घड बराच काळ राहिला की सालीखाली तपकिरी रेषा येतात. घड कापल्यावर त्या दिसतात आणि भाव पडतो.

शेकोटीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त कष्ट तिथेच होतात. "धूर केला की थंडी वाजत नाही" हा समज अर्धाच खरा आहे. धुराचे कण फार बारीक असतात, जमिनीची धग त्यांच्यातून सहज निघून जाते. दाट धूर सकाळपर्यंत रेंगाळला तर उलट कोवळं ऊन अडवतो. उपयोग होतो तो विस्तवाच्या उष्णतेचा. एक किलो कोरडं सरपण जेमतेम चार युनिट देतं, म्हणजे एकराचा रात्रीचा पूर्ण तोटा भरायला आठ क्विंटल सरपण लागेल, आणि त्यातलीही बरीच उष्णता सरळ वर जाते. म्हणून ओला पालापाचोळा धुमसत ठेवू नका. पहाटे दोन-तीन तासांसाठी कोरड्या पऱ्हाट्या-तुराट्यांच्या, बागेच्या कडेने आणि मोकळ्या पट्ट्यांत बऱ्याच लहान शेकोट्या करा. एकच मोठा जाळ केला तर त्याची गरम हवा वरचा उबदार थर भेदून निघून जाते आणि पिकाला काही मिळत नाही. ठिबकच्या नळ्या आणि कडब्याची गंजी यांपासून जाळ लांब ठेवा.

हे सगळे उपाय शांत रात्रीचे आहेत. बोचरा उत्तरेचा वारा वाहत असेल तर शेकोटी आणि पहाटेचं पाणी फारसं कामी येत नाही, कारण गार हवा बाहेरून येतच राहते. तिथे बागेभोवतीची शेवरी उपयोगी. पण शेवरी लावताना उताराकडच्या बाजूला आठ-दहा फुटांची मोकळी वाट ठेवा. चारी बाजूंनी दाट कुंपण केलं की गार हवा बागेत तलावासारखी तुंबते. लावून झालेली असेल तर उताराच्या कोपऱ्यातली शेवरी कमरेखालपर्यंत छाटून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच कोपऱ्यातला थर्मामीटर पुन्हा वाचा.