लूप असलेल्या सभागृहात माइक कसा धरावा, आणि लूप चालू आहे हे कसं ओळखावं

वक्त्याने माइक टेबलावर ठेवला आणि विचारलं, "माझा आवाज मोठा आहे, असाच बोलतो. सगळ्यांना ऐकू येतंय ना?" आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र तो प्रश्नच ऐकू आला नव्हता, शेजारच्या बाईंनी तो वहीत लिहून दाखवला. माझी श्रवणयंत्रं त्या वेळी 'टी'वर होती. टीवर यंत्राचा स्वतःचा माइक बंद असतो आणि आतली टेलिकॉइल नावाची बारीक गुंडाळी खोलीभर फिरवलेल्या तारेचं, म्हणजेच लूपचं, चुंबकीय क्षेत्र पकडते. त्या तारेत फक्त माइकमधून गेलेला आवाज असतो. माइक खाली ठेवला की टीवरच्या माणसासाठी वक्ता गप्प झालेला असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीतून निघतात.

1. आधी यंत्रात टी आहे का ते पाहा

कानाच्या आत बसणाऱ्या अगदी लहान यंत्रांत टेलिकॉइल बऱ्याचदा नसते. कानामागच्या अनेक यंत्रांत आणि कॉक्लिअर इम्प्लांटच्या प्रोसेसरमध्ये ती असते, पण टीचा प्रोग्रॅम ऑडिऑलॉजिस्टने चालू करून द्यावा लागतो. कित्येक जण वर्षानुवर्षं यंत्र वापरतात आणि हा प्रोग्रॅम आपल्या यंत्रात आहे हेच त्यांना माहीत नसतं. 'एमटी' असेल तर लूप आणि खोलीतला आवाज दोन्ही एकत्र येतात. वर्गात शेजारच्याशी बोलायचं असेल तर ते सोयीचं, पण गोंगाटाच्या सभागृहात नुसता टीच बरा.

2. कार्यक्रमाआधी खुर्च्यांमधून चालत लूप ऐका

यासाठी लूप रिसीव्हर घ्या. खिशात मावेल एवढं उपकरण असतं, त्याला हेडफोन जोडतात. ऐकू येणाऱ्या माणसालाही त्यावरून कळतं की टीवरच्या कानात नक्की काय पोचतंय. एकाला माइकवर वाचायला बसवा, भिंतीवरच्या स्पीकरचा आवाज बंद करा आणि तुम्ही फिरा. स्पीकर चालू राहिले तर लूप बंद असला तरी तो चालू असल्यासारखं वाटतं. ही फसगत नेहमीची आहे.

एक 8 मीटर बाजूचा चौरस वर्ग घेऊ. तार जमिनीलगत कडेने फिरवलेली आहे. बसलेल्या माणसाचे कान साधारण 1.2 मीटर उंचीवर, म्हणजे खोलीच्या रुंदीच्या 15 टक्के वर येतात. हे अंतर चांगलं, कारण कान तारेच्या अगदी पातळीत असले तर मध्यभागी आवाज बारीक आणि कडेला मोठा येतो. आंतरराष्ट्रीय मानक IEC 60118-4 नुसार बोलण्याच्या शिखरांना क्षेत्राची तीव्रता 400 मिलिअँपिअर प्रति मीटर हवी. या वर्गात मध्यभागी ती मिळवायला तारेत चार अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. म्हणूनच साध्या स्पीकरच्या अँप्लिफायरला तार जोडून काम भागत नाही, लूपसाठी बनवलेला अँप्लिफायरच हवा.

आता रिसीव्हर कानाच्या उंचीवर, रोखलेली दिशा न बदलता, उभा धरून मध्यापासून भिंतीकडे चला. आवाज बराच वेळ सारखा राहतो आणि भिंतीलगत, बरोबर तारेच्या वर, एकदम जातो. तिथे क्षेत्र आडवं होतं आणि कानातली गुंडाळी उभ्या दिशेचंच क्षेत्र पकडते. भिंतीला टेकलेली खुर्ची टीवरच्या माणसाला देऊ नका, तारेपासून निदान मीटरभर आत बसवा. मान खूप वाकवून वहीत लिहिताना आवाज कमी होतो तोही याच कारणाने, त्या वेळी यंत्र बिघडलेलं नसतं.

मधल्या खुर्च्यांवर आवाज कमी आणि दबलेला येत असेल, 'स' आणि 'श' पुसट होत असतील, तर जमिनीतल्या लोखंडी जाळीवर संशय घ्या. धातू क्षेत्र खातो आणि वरच्या पट्टीतलं जास्त खातो. यावर आवाज वाढवून उपाय होत नाही, तारेची मांडणी बदलावी लागते. शेजारच्या वर्गातही जाऊन ऐका. तिथे तुमच्या वर्गाचं बोलणं येत असेल तर ते भिंतीपलीकडे झिरपतंय. दोन लागोपाठच्या वर्गांत लूप हवे असतील तर हे झिरपणं कमी करणारी खास मांडणी करून घ्यावी लागते.

3. माइक बंद ठेवून शांतता ऐका

माइक बंद असतानाही रिसीव्हरमध्ये जाड 'घूं' येत असेल तर ती विजेच्या तारांतून येते. आधी लूपचा अँप्लिफायर बंद करा. घूं तशीच राहिली तर दोष इमारतीच्या वायरिंगमध्ये आहे, न्यूट्रल आणि अर्थिंग कुठेतरी चुकीचं जोडलं गेलेलं असू शकतं, आणि ते इलेक्ट्रिशियनचं काम आहे. दिवे मंद करताच खरखर सुरू झाली तर डिमर कारणीभूत असतो. डिमर पूर्ण उघडून किंवा पूर्ण बंद करून पाहा.

4. माइक तोंडाशी आणा आणि तिथेच ठेवा

मला यातच सगळ्यात जास्त बिघाड दिसतो, आणि दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही. हातातला माइक तोंडापासून सुमारे 15 सेंटिमीटरवर, हनुवटीकडून किंचित तिरका धरा. तिरका धरला की 'प' आणि 'फ'चे फटकारे बसत नाहीत आणि ओठही दिसतात, जे आम्ही सतत वाचत असतो. तोच हात छातीवर उतरला की अंतर 30 सेंटिमीटर होतं आणि आवाज 6 डेसिबलने घसरतो. 60 सेंटिमीटरवर 12 डेसिबल जातात. खोलीचा प्रतिध्वनी मात्र तेवढाच राहतो.

यात एक छुपी गोम आहे. लूपचा अँप्लिफायर कमी झालेला आवाज आपोआप वर उचलतो, पण त्याबरोबर पंख्याचा आवाज आणि घुमणंही उचलतो. ऑपरेटरच्या दिव्यांवर सगळं ठीक दिसतं आणि माझ्या कानात वक्ता विहिरीतून बोलत असतो. "आवाज मोठा आहे पण शब्द कळत नाहीत" असं कोणी म्हटलं तर आवाजाचं बटण फिरवू नका, माइक जवळ आणा.

कॉलरचा माइक हनुवटीखाली एका वितीवर लावा, पदर, ओढणी किंवा साखळी त्याला घासणार नाही असा. फळ्याकडे मान वळली की तोही आवाज सोडतो. म्हणून सतत फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकाला डोक्याला लावायचा माइक द्या, तो मानेबरोबर वळतो. माइक चालू आहे का हे टकटक करून पाहू नका. तो ठोका टीवरच्या माणसाच्या थेट कानात बसतो. दोन वाक्यं बोला, पुरे.

5. श्रोत्यांचे प्रश्न माइकमध्ये आणा

फिरता माइक असेल तर तो हातात पोचेपर्यंत प्रश्न सुरू करू देऊ नका. नसेल तर वक्त्याने प्रश्न पूर्ण पुन्हा म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं. "हो, बरोबर, आणि दुसरं म्हणजे..." असं थेट उत्तर आलं की आमच्या हाती उत्तराची शेपटी तेवढी लागते. वर्गात मुलं एकमेकांना उत्तरं देतात तेव्हाही माइक बोलणाऱ्याकडे गेला पाहिजे. दोघं एकदम बोलले तर लूपमध्ये ते दोन आवाज वेगळे काढायला दिशेचा आधारच नसतो.

6. एक माणूस रिसीव्हर लावून बसवा

त्याने पूर्ण कार्यक्रम हेडफोनवर ऐकायचा. वक्त्याशी आधीच खूण ठरवा: हात हनुवटीपाशी नेला की माइक वर घ्या, कानापाशी नेला की लूप गेला. लूप गेला तर टीवरच्या प्रेक्षकांना मोठ्या अक्षरांत कागद दाखवून यंत्र पुन्हा माइकवर घ्यायला सांगायचं. कागद आधीच लिहून ठेवा, कारण त्या क्षणी तुम्ही बोलून सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.