रिजेक्शननंतर फीडबॅक मागताय? आधी मेलमधला टोमणा काढा

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये अकरा वर्षं आहे, त्यातली शेवटची पाच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे टीमसाठी इंटरव्ह्यू मीच घेते आणि नाहीही मीच म्हणते. त्यामुळे रिजेक्ट झालेल्यांचे "फीडबॅक मिळेल का" असे मेल मला महिन्याला तीन-चार तरी येतात, आणि ज्याला उत्तर द्यावंसं वाटतं असे त्यातले फार थोडे असतात. नेटवर जे तयार नमुने फिरतात ना, "एनी फीडबॅक वुड बी अप्रिशिएटेड" छापाचे, ते कृपया कॉपी-पेस्ट करू नका. का ते खाली येईलच.

आधी बघा, कुठल्या राउंडला थांबलात

टेक्निकल किंवा मॅनेजरिअल राउंडनंतर नाही आलं असेल तर मॅनेजरला लिहा. पण दोन्ही राउंड पार झाले, पगाराचं बोलणं झालं, नोटिस पिरियड नव्वद दिवसांचा आहे हे तुम्ही सांगितलंत आणि मग सगळं शांत झालं, तर मॅनेजरकडे तुम्हाला सांगण्यासारखं बहुतेक काही नसतं. तिथे कारण बजेट असतं, नाहीतर तीस दिवसांत जॉइन होणारा दुसरा कोणी मिळालेला असतो. अशा वेळी एचआरला फोन करून सरळ विचारा, "नोटिसचा प्रश्न होता की सीटीसीचा?" फोनवर त्या सांगतात, मेलवर नाही सांगत.

कुठून लिहायचं आणि कधी

रिजेक्शनचा मेल नो-रिप्लाय आयडीवरून आलेला असतो, त्याला उत्तर देऊन उपयोग नाही. इंटरव्ह्यूचं जे कॅलेंडर इन्व्हाइट आलं होतं ते उघडा, त्यात बऱ्याचदा मॅनेजरचा आयडी असतो, नवीन मेल त्यावर करा. एचआरला सीसी करू नका. तुम्हाला वाटतं ते रीतसर दिसेल, पण समोरच्याला ती तक्रार वाटते. आयडी मिळालाच नाही तर एचआरला "हा मेल त्यांना फॉरवर्ड कराल का" एवढंच लिहा. व्हॉट्सअ‍ॅप अजिबात नको, नंबर असला तरी.

रिजेक्शन आलं त्या रात्री लिहू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी लिहा, पण आठवडा जाऊ देऊ नका, कारण सिस्टिममध्ये आम्ही दोन ओळी भरतो, बाकी सगळं डोक्यात असतं आणि पुढचे सहा-सात इंटरव्ह्यू झाले की तेही राहत नाही.

मेल लिहिणं, इथेच सगळे अडकतात

मी स्वतः इथे कितीतरी वर्षं चुकत होते. नोकरी शोधत होते तेव्हा एका कंपनीत चार राउंड देऊन नाही आलं आणि मी जो मेल लिहिला तो माझ्या मते अतिशय नम्र होता, प्लीज होतं, थँक यू होतं, सगळं होतं, उत्तर मात्र आलं नाही. पुढे मी मॅनेजर झाल्यावर अगदी तसाच मेल मला आला आणि तो वाचताना पोटात गोळाच आला, कारण त्या नम्रपणाखाली "मला का नाही घेतलंत ते सांगा" एवढंच होतं.

इथे आमची बाजू समजून घ्या. बऱ्याच कंपन्यांमध्ये मॅनेजरला सांगितलेलं असतं की उमेदवाराला नकाराचं कारण लेखी देऊ नका. त्यावरून वाद होतात, मेल फॉरवर्ड होतात, कोणीतरी वरपर्यंत तक्रार नेतं. त्यामुळे "का नाही घेतलं" याचं उत्तर मला द्यायचं असलं तरी मी देत नाही, पण "या विषयात पुढे काय तयारी करू" याचं उत्तर मी देऊ शकते, आणि आनंदाने देते, कारण त्यात निर्णयाचा विषयच नाही. विचारणाऱ्याला हवी असते तीच माहिती दोन्हीकडे मिळते, फक्त एका प्रश्नात मला माझा निर्णय राखावा लागतो आणि दुसऱ्यात नाही.

माझ्या मामेभावाचं उदाहरण देते. पाच वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, सेलेनियमवर ऑटोमेशन करतो, सीनियरच्या जागेसाठी गेला होता आणि दुसऱ्या टेक्निकल राउंडनंतर नाही आलं. त्याने मला मेल पाठवायच्या आधी दाखवला. मेल अर्थातच इंग्रजीत होता, मी त्याला म्हटलं हाच मराठीत मोठ्याने वाच. तो असा निघाला:

"सर, काल रिजेक्शनचा मेल आला. खरं सांगायचं तर आश्चर्य वाटलं, कारण बहुतेक सगळ्या प्रश्नांची मी बरोबर उत्तरं दिली होती. या प्रोसेसमध्ये माझे तीन आठवडे गेले, त्यामुळे निदान नेमका कुठे कमी पडलो एवढं तरी कळलं तर बरं होईल."

वाचता वाचता तोच मध्येच थांबला. हा उपाय मी सगळ्यांना सांगते, मेल इंग्रजीत लिहा पण पाठवण्याआधी मराठीत मोठ्याने म्हणून बघा. इंग्रजीतला टोमणा आपल्याला ऐकू येत नाही कारण ती भाषा आपण ऑफिसची म्हणून वापरतो, पण "निदान एवढं तरी" हे घरात कोण कधी म्हणतं ते आपल्याला चांगलं माहीत असतं. "आश्चर्य वाटलं" म्हणजे तुमचा निर्णय चुकला. "बरोबर उत्तरं दिली होती" म्हणजे पेपर परत तपासा. "तीन आठवडे गेले" म्हणजे तुम्ही माझं देणं लागता. त्याला यातलं काहीच म्हणायचं नव्हतं, तो बिचारा खरंच शिकायला विचारत होता, पण वाचणाऱ्यापर्यंत हेच पोचणार.

मग आम्ही दोघांनी बसून तो परत लिहिला:

"नमस्कार सर, मंगळवारच्या इंटरव्ह्यूसाठी वेळ दिलात, आभारी आहे. रिलीजच्या आदल्या दिवशी टेस्ट फेल व्हायला लागल्या तर काय कराल, हा तुमचा प्रश्न अजून डोक्यात आहे. तुमचा निर्णय कळला, त्याबद्दल काही विचारायचं नाहीये. येत्या काही महिन्यांत मी सीनियर टेस्टिंगच्या कामाची तयारी करणार आहे. त्या प्रश्नाच्या उत्तरात सीनियर माणसाकडून आणखी काय यायला हवं होतं, हे एक-दोन ओळींत सांगू शकाल का? नसेल सांगता येत तरी काही हरकत नाही."

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्यात. एक, इंटरव्ह्यूमधली एक खरी गोष्ट आठवणीने लिहिली, कारण आम्हाला चेहरे लक्षात राहत नाहीत पण आपण विचारलेला प्रश्न राहतो. दोन, निर्णयाबद्दल विचारायचं नाहीये हे स्पष्ट म्हटलं, ही ओळ वाचली की मी खुर्चीत सैल बसते, खरंच. आणि तीन, प्रश्न एकच आणि छोटा. "काहीही फीडबॅक चालेल" असं लिहिलंत तर समोरच्याला आधी बसून विचार करावा लागतो की काय सांगू, काय टाळू, आणि मग तो मेल संध्याकाळी बघू म्हणून राहतो तो राहतोच. नमुन्यातला मेल चालत नाही तो यासाठीच. पाच प्रश्नांची यादीही पाठवू नका, चहा पिता पिता फोनवरून टाइप करता येईल एवढंच विचारा.

उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा, एका ओळीत आठवण करा, त्यानंतर नाही.

उत्तर आल्यावर जीभ आवरा

भावाला चौथ्या दिवशी उत्तर आलं. मॅनेजरने लिहिलं होतं की टूल्स तुला छान येतात, पण टेस्ट फेल होत असताना तू लॉग कसे बघशील, परत कशा रन करशील हे सांगत राहिलास. कुठल्या टेस्ट अडल्या तर रिलीज थांबवायचा, कुठल्या सोडून देता येतील आणि हे कोणाला कळवायचं, यावर काहीच आलं नाही.

त्याचा लगेच फोन. "ताई, पण त्यांनी असं विचारलंच नव्हतं! विचारलं असतं तर सांगितलं असतं ना मी." मी म्हटलं, अरे, काय कराल असंच विचारलं होतं, तूच तर मेलमध्ये लिहिलंस. पण त्याचे हात शिवशिवत होते, "सर, त्याबद्दल थोडं क्लॅरिफाय करायचं होतं" असा ड्राफ्ट तयारसुद्धा होता. तो मी डिलीट करायला लावला.

हे अगदी कळकळीने सांगते, कारण चांगला मेल लिहिणारेही इथे घसरतात. मी वेळ काढून, थोडी जोखीम घेऊन दोन ओळी लिहिते आणि परत अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण येतं, की वेळ कमी होता, प्रश्न स्पष्ट नव्हता, मागच्या कंपनीत हे मी केलेलं आहे. कदाचित सगळं खरंही असेल. पण त्यानंतर मी पुढच्या माणसालाही उत्तर द्यायचं टाळते. तुम्हाला फीडबॅक चुकीचा वाटला तर मनात ठेवा, मित्राशी बोला, तिकडे पाठवू नका. उत्तर दोन ओळींचं द्या: आभार, आणि सांगितलेल्यातलं नेमकं काय करायला घेताय ते. भावाने लिहिलं, "आभारी आहे सर. आमच्या पुढच्या रिलीजला अशी यादी करून बघतो." बस.

उत्तर गोलमोल आलं, "ओव्हरऑल फिटमेंट नव्हती" असं काहीतरी, तर खोदत बसू नका, ते लेखी सांगायची परवानगी नाही असं समजा. "डेप्थ कमी वाटली" असं आलं तर मात्र त्याला अर्थ आहे. माझ्या अनुभवात त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की उत्तरात सगळीकडे "आम्ही केलं" होतं आणि "मी हे ठरवलं, या कारणासाठी" असं एकदाही आलं नाही, किंवा दुसऱ्यांदा "पण असंच का?" विचारल्यावर गाडी अडली.

आणि तो मेल जपून ठेवा

बऱ्याच कंपन्यांत एकदा नाही आलं की सहा महिने ते वर्षभर परत अर्ज घेत नाहीत, कूलिंग पिरियड म्हणतात त्याला. तो संपला की नवीन मेल न करता त्याच जुन्या मेलला रिप्लाय करा, म्हणजे खाली सगळं बोलणं असतं. भावाने सात महिन्यांनी केला. लिहिलं, "सर, तुम्ही सांगितलेली यादी आता आमच्याकडे दर रिलीजला वापरतात, मागच्या महिन्यात तिच्यामुळे एक रिलीज आम्ही दोन दिवस पुढे ढकलला. तुमच्याकडे जागा निघाली तर अर्ज करायला आवडेल." अर्ध्या तासात रिप्लाय आला, यादी बघायला मिळेल का म्हणून. क्लायंटची नावं काढून त्याने ती पाठवली.