या चुका टाळा: गुरुत्वीय लहरीचा स्पेक्ट्रोग्राम काढताना

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या दोन्ही डिटेक्टरांनी दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर टिपली. सुमारे ०.२ सेकंदात, आठेक आवर्तनांत, ती ३५ हर्ट्झपासून १५० हर्ट्झपर्यंत चढली आणि पुढे २५० च्या आसपास जाऊन विझली. तो डेटा सगळ्यांसाठी खुला आहे आणि सेकंदाला ४०९६ नमुने या दराने उतरवून घेता येतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार असल्यामुळे आपल्याकडची बरीच मुलं हाच डेटा घेऊन स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती वारंवारता किती जोरात आहे ते दाखवणारं चित्र, शिकायला बसतात. सरावाला यापेक्षा चांगली लहर मिळणं कठीण, कारण विंडो, म्हणजे एका वेळी तपासायचा डेटाचा तुकडा, निवडताना होणारी प्रत्येक चूक इथे चित्रात लगेच दिसते.

सर्वात आधीची अडचण अशी की पहिल्या चित्रात काहीच दिसत नाही. खाली एक भडक पट्टा आणि वर सगळा अंधार. यात दोष विंडोचा नसतो. कच्च्या डेटात कमी वारंवारतेचा गोंगाट लहरीपेक्षा कित्येक पट मोठा असतो, शिवाय ६० हर्ट्झवर अमेरिकेतल्या विजेची रेघ असते. रंगांची सगळी पट्टी तो गोंगाटच खाऊन टाकतो. त्यातच विंडोच्या कडा तीव्र असतील तर तीच ऊर्जा गळून वरच्या वारंवारतांमध्ये पसरते. आयताकृती विंडोचा पहिला उपलोब, म्हणजे बाजूचं छोटं शिखर, मुख्य शिखरापेक्षा फक्त १३ डेसिबलने खाली असतो, कडांना हळूहळू शून्यावर येणाऱ्या हान विंडोचा ३१ ने. म्हणून आधी डेटा व्हाइटन करायचा, म्हणजे प्रत्येक वारंवारतेला तिथल्या सरासरी गोंगाटाने भागायचं. हे ३२ सेकंदांच्या लांब तुकड्यावर करा आणि टकरीच्या आसपासचा अर्धा सेकंद त्यानंतर कापा. आधी कापून मग व्हाइटन केलंत तर गोंगाटाचा अंदाज कच्चा राहतो आणि कडांचे फुगवटे नेमके लहरीच्या अंगावर येतात.

दुसरी चूक म्हणजे फंक्शनमध्ये आधीपासून ठरलेल्या किमती तशाच ठेवणं. `scipy.signal.spectrogram` ला तुम्ही काही सांगितलं नाही तर ते २५६ नमुन्यांची विंडो घेतं आणि शेजारच्या विंडोंमध्ये फक्त ३२ नमुने सामाईक ठेवतं. म्हणजे विंडो दर वेळी २२४ नमुने, अर्थात जवळपास ५५ मिलिसेकंद पुढे उडी मारते. ०.२ सेकंदाच्या लहरीला चित्रात जेमतेम चार उभे पट्टे मिळतात. त्या चार ठोकळ्यांतून चढती रेघ कशी दिसणार? `matplotlib` च्या `specgram` मध्ये तर `Fs` ची ठरलेली किंमत २ आहे. ती बदलली नाही तर दोन्ही अक्ष साफ चुकतात, आणि चित्र मात्र बरोबर असल्यासारखं दिसतं.

```python
f, t, S = spectrogram(x, fs=4096, window='hann',
                      nperseg=512, noverlap=480)
```

आता विंडो ५१२ च का? इथेच खरा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबू.

विंडो लांब घेतली की वारंवारता नेमकी कळते, पण ती घटना त्या लांबीत केव्हा घडली ते कळत नाही. छोटी घेतली की उलट. डेनिस गॅबर यांनी १९४६ मध्ये ही मर्यादा सूत्रात मांडली: काळातला पसारा आणि वारंवारतेतला पसारा यांचा गुणाकार 1/(4π) पेक्षा कमी होऊ शकत नाही. एवढं बहुतेकांना पाठ असतं. चूक त्यापुढे होते. या दोन टोकांमध्ये आवडीनुसार कुठेतरी मधे उभं राहायचं, असा समज होतो आणि चित्र बरं दिसेपर्यंत आकडे बदलत बसलं जातं. वारंवारता चढत असेल तर विंडोची लांबी त्या चढण्याच्या वेगावरून काढता येते.

वारंवारता सेकंदाला k हर्ट्झने चढते आहे असं धरा. T एवढ्या लांबीच्या विंडोत ती kT हर्ट्झने सरकते, म्हणून रेघ तेवढी जाड होते. दुसरीकडे विंडो मर्यादित असल्यामुळे रेघ साधारण 1/T एवढी जाड असतेच. T वाढवला की पहिली जाडी वाढते, कमी केला की दुसरी. दोन्ही सारख्या होतात तिथे रेघ सर्वात बारीक असते, म्हणजे T = 1/√k.

हे आपल्या लहरीला लावून पाहू. कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हाच्या पहिल्या पायरीच्या सूत्रात चर्प वस्तुमान, म्हणजे दोन्ही वस्तुमानांपासून बनणारा आणि चढण्याचा वेग ठरवणारा आकडा, सूर्याच्या सुमारे ३० पट घातलं, तर चढण्याचा वेग ३५ हर्ट्झपाशी सेकंदाला जवळपास ७७ हर्ट्झ येतो, ५० पाशी २८५ आणि १०० पाशी ३६०० च्या घरात. त्यावरून T अनुक्रमे ११४, ५९ आणि १७ मिलिसेकंद. हान विंडो अर्ध्या उंचीवर मोजली की आपल्या पूर्ण लांबीच्या निम्मीच भरते, म्हणून `nperseg` दुप्पट धरायचा. २ च्या घातांत बसवलं तर अंदाजे १०२४, ५१२ आणि १२८ नमुने.

एकाच लहरीला तीन वेगळ्या विंडो लागतात, तेही एका सेकंदाच्या पाचव्या भागात. ५१२ ची विंडो ५० हर्ट्झच्या आसपास रेघ छान बारीक काढते, पण शेवटच्या उभ्या चढणीला तिचा फराटा होतो. १२८ ची विंडो शेवटची चढण पकडते, पण तिची वारंवारतेतली रुंदी सुमारे ४६ हर्ट्झ असल्यामुळे सुरुवातीचा ३५ हर्ट्झचा भाग तळाशी सांडल्यासारखा दिसतो. अमुक विंडो बरोबर की तमुक, यावर वाद घालून उपयोग नाही. या लहरीसाठी एकच बरोबर विंडो नाहीच.

या टप्प्यावर पुष्कळ जण `nfft=4096` टाकतात. मग अक्षावर दर १ हर्ट्झला एक बिंदू येतो, चित्र गुळगुळीत होतं आणि वारंवारतेची सूक्ष्मता सुधारली असं वाटतं. तसं काही होत नाही. विंडो ५१२ नमुन्यांचीच आहे, म्हणून रेघेची जाडी ११–१२ हर्ट्झच राहते. शून्यं जोडल्याने त्याच वक्रावर जास्त बिंदू मिळतात, एवढंच. खात्री करायची असेल तर ५ हर्ट्झ अंतराच्या, सारख्या उंचीच्या दोन साइन लहरी मिसळून हेच चालवून पाहा. कितीही शून्यं जोडली तरी रेघा दोन होत नाहीत. फार तर एकच रेघ काळात कमी-जास्त उजळते.

वरच्या T च्या किमती आवर्तनांत मोजल्या तर वेगळीच गोष्ट दिसते. ३५ हर्ट्झपाशी ११४ मिलिसेकंद म्हणजे चार आवर्तनं, ५० पाशी तीन, १०० पाशी पावणेदोनच्या आसपास. मिलिसेकंदांत सात पटींचा फरक होता, आवर्तनांत तो अडीच पटींवर आला. वेव्हलेटचा उपयोग इथे आहे. एल्फ अकितेन या तेल कंपनीतले भूभौतिकीतज्ज्ञ जाँ मोर्ले यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच युक्ती भूकंपीय संकेतांसाठी वापरली: विंडोची लांबी मिलिसेकंदांत ठरवायची नाही, आवर्तनांची संख्या ठरवायची. तोच तरंग खालच्या वारंवारतेला ताणला जातो आणि वरच्या वारंवारतेला आखडतो. लायगोच्या शोधनिबंधातलं ते प्रसिद्ध निळं-पिवळं चित्रही याच जातीच्या क्यू-रूपांतराने काढलेलं आहे, साध्या स्पेक्ट्रोग्रामने नाही. `gwpy` मधलं `q_transform` तेच करतं. त्यात व्हाइटनिंग आधीपासून चालू असतं, म्हणून त्याला कच्चा डेटा द्या, व्हाइटन केलेला नको.

`PyWavelets` वापरणार असाल तर आणखी तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, `morl` किंवा `mexh` यांसारखा वास्तव वेव्हलेट घेतला की चित्रात झेब्र्यासारखे उभे पट्टे येतात. ते लहरीचे गुणधर्म नव्हेत, सहगुणक धन-ऋण होत असल्याचा तो परिणाम आहे. संमिश्र `cmor` घ्या आणि त्याच्या मापाचा वर्ग काढा. दोन, बऱ्याच उदाहरणांत स्केलसाठी, म्हणजे वेव्हलेट किती ताणायचा त्या आकड्यांसाठी, दिसणारं `np.arange(1, 128)` इथे अंधपणे वापरू नका. `cmor1.5-1.0` साठी वारंवारता म्हणजे ४०९६ भागिले स्केल. स्केल १ म्हणजे ४०९६ हर्ट्झ, जे २०४८ च्या नायक्विस्ट मर्यादेच्याही पलीकडे आहे, तर १२८ ते २५० हर्ट्झच्या महत्त्वाच्या पट्ट्याला सोळा-सतराच ओळी मिळतात. हव्या असलेल्या वारंवारता आधी ठरवा आणि त्यावरून स्केल काढा:

```python
fr = np.geomspace(25, 400, 120)
W, f = pywt.cwt(x, 4096*1.0/fr, 'cmor1.5-1.0',
                sampling_period=1/4096)
P = np.abs(W)**2
```

तिसरी गोष्ट सर्वात जास्त विसरली जाते. `cmor1.5-1.0` मधला तो 1.5 म्हणजे तुमची विंडोच आहे. या किमतीला वेव्हलेट अर्ध्या उंचीवर सुमारे दोन आवर्तनं भरतो, 6.0 केला तर चार. आपल्या हिशोबाप्रमाणे टकरीच्या अगदी जवळ दोन योग्य आणि सुरुवातीला चार, तेव्हा दोन्ही काढून शेजारी ठेवा. वेव्हलेट घेतला म्हणून तडजोड संपली, असं मुळीच नाही. गॅबरची मर्यादा त्यालाही तशीच लागू आहे. फक्त ती प्रत्येक वारंवारतेला वेगळ्या प्रमाणात वाटली जाते.

चित्रातली एखादी खूण खरी की हत्याराने तयार केलेली, हे ओळखायची साधी रीत आहे. विंडो निम्मी करा, मग दुप्पट करा. खरी चढती रेघ जाड-बारीक होईल, पण तिचा मार्ग त्याच वेळी त्याच वारंवारतांतून जाईल. जी खूण विंडोबरोबर जागा बदलते किंवा कायम तुकड्याच्या कडेलाच चिकटून असते, ती कडेची आहे. २५ हर्ट्झच्या वेव्हलेटला (1.5 च्या किमतीला) दोन्ही बाजूंना १०० मिलिसेकंदांच्या आसपास डेटा लागतो, म्हणून तुकड्याच्या कडांजवळचा तेवढा भाग वाचूच नका. आणि वेव्हलेटच्या चित्रातले रंग स्पेक्ट्रोग्रामच्या रंगांशी ताडून पाहू नका. `pywt` चं मोजमाप असं आहे की सारख्याच उंचीच्या दोन साइन लहरींपैकी ४० हर्ट्झची, १६० हर्ट्झच्या चौपट तेजस्वी दिसते.

वेव्हलेट कुठे नको, तेही याच डेटात सापडतं. लायगोचे आरसे ज्या काचेच्या तंतूंवर टांगलेले असतात त्यांची कंपनं ५०० हर्ट्झच्या आसपास बारीक, एकमेकींना खेटून असलेल्या रेघा उमटवतात. तिथे दोन आवर्तनांचा वेव्हलेट शंभर-दोनशे हर्ट्झ रुंदीचा एकच डाग दाखवतो. त्या रेघा काळात बदलत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कित्येक सेकंदांची लांब हान विंडो घ्या आणि काळाचा अक्ष खुशाल सोडून द्या.